रेड-० मधली एक डिस्क गेली: खरोखर काय परत मिळतं आणि काय मिळत नाही

दोन डिस्कची रेड-० स्ट्राइप, म्हणजे डेटाचे तुकडे करून ते आळीपाळीने दोन्ही डिस्कवर लिहिणारी रचना. त्यातली एक बंद पडली, दुसरी ठणठणीत आहे. अशा वेळी जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हिशेब येतो तो असा: अर्धा डेटा गेला, अर्धा तरी मिळेल. बाइटच्या भाषेत हे बरोबर आहे, पण फायलींच्या भाषेत साफ चूक. चालू असलेल्या डिस्कवर निम्म्या फायली नसतात, जवळपास प्रत्येक मोठ्या फाइलीचा निम्मा भाग असतो, तोही एकाआड एक तुकड्यांत. म्हणून इथे सगळा खेळ चांगल्या डिस्कवर नसून ‘मेलेल्या’ डिस्कवर आहे. तिच्यातून किती सेक्टर वाचता येतात, हे ठरेपर्यंत फायलींचा विचारसुद्धा करू नये.

पुढचं सगळं मी एकच उदाहरण धरून लिहितो. लिनक्सवर mdadm ने बनवलेली दोन डिस्कची अ‍ॅरे, प्रत्येक डिस्क २ टीबीची, चंक, म्हणजे एका वेळी एका डिस्कवर जाणारा तुकडा, ५१२ केबीचा (mdadm चा नेहमीचा डिफॉल्ट), वर थेट ext4. आत फोटो, व्हिडिओ, ऑफिसची कागदपत्रं आणि मेल. मदरबोर्डच्या रेडवर विंडोज असेल तर चंकचा आकार आणि फाइल सिस्टिम बदलते, विचार करायची पद्धत तीच राहते.

## आधी हात आवरा

रेड-० मध्ये ‘डिग्रेडेड’, म्हणजे एक डिस्क नसतानाही चालत राहण्याची, अवस्था नसते. एक डिस्क गेली की अ‍ॅरे उभीच राहत नाही आणि यंत्र तुम्हाला काहीतरी करायला सुचवू लागतं. बायोसमधली रेड युटिलिटी डिस्क नॉन-रेड करू का विचारते, विंडोज ‘इनिशियलाइज’ करू का विचारतं, आणि कुणीतरी सांगतं की नवीन डिस्क लावून `mdadm --create` चालव. यातल्या कशालाच हो म्हणू नका. नवी रिकामी डिस्क लावून अ‍ॅरे ‘दुरुस्त’ करणं हा प्रकार रेड-० मध्ये अस्तित्वातच नाही, कारण नव्या डिस्कवर भरायला माहितीची दुसरी प्रत कुठेच नसते. `fsck` तर मुळीच चालवू नका. त्याला अर्धी फाइल सिस्टिम दिसेल, ती त्याच्या दृष्टीने मोडलेली असेल आणि तो इमानदारीने उरलेली अर्धीही ‘साफ’ करेल.

## मेली म्हणजे नेमकं काय झालं

‘डिस्क मेली’ या दोन शब्दांत पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्यांचे निकाल जमीन-अस्मानाइतके वेगळे असतात.

सर्वात आधी साटा केबल, पॉवरची जोडणी आणि पोर्ट बदलून बघा. डिस्क ओळखली जात असेल तर `smartctl -a` चालवा. त्यात १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी एरर, फुगलेला असेल आणि ५, १९७, १९८ हे तिन्ही शून्य असतील, तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून तिच्यापर्यंतच्या वाटेत आहे. अशा वेळी अ‍ॅरे जशीच्या तशी परत येते. याउलट १९७, म्हणजे वाचता न येणारे प्रलंबित सेक्टर, शेकड्यांत असेल तर डिस्क खरोखर आजारी आहे, पण अजून बोलते आहे. हीच सर्वात मोलाची वेळ असते आणि नेमकी याच वेळी लोक तिला पुन्हा पुन्हा सुरू करून, चेकडिस्क चालवून दमवतात.

डिस्क फिरतच नसेल, अगदी निःशब्द असेल, तर सर्किट बोर्ड जळलेला असू शकतो. त्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावला की झालं, हा सल्ला आता चालत नाही. बोर्डवरच्या एका छोट्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची जुळवणी साठवलेली असते. ती चिप जुन्या बोर्डवरून काढून नव्यावर बसवावी लागते. हे काम सोल्डरिंगचा सराव असलेल्या माणसाला जमतं, आणि जमलं तर निकाल उत्तम, कारण प्लॅटरला काहीच झालेलं नसतं.

टकटक आवाज येत असेल तर हेड गेलंय. मोटर फिरायचा प्रयत्न करून नुसतीच कुणकुणत असेल तर हेड प्लॅटरला चिकटलंय किंवा मोटर अडकलीय. या दोन्ही अवस्थांत घरी करण्यासारखं एकच काम उरतं, ते म्हणजे वीज बंद करणं. फ्रीजरमध्ये ठेवणं, टिचक्या मारणं, झाकण उघडून ‘बघणं’ यांनी प्लॅटरवर ओरखडे येतात, आणि ओरखडा आलेला पृष्ठभाग कुठल्याही प्रयोगशाळेत परत येत नाही.

एसएसडीचं वेगळं आहे. कंट्रोलर गेला की आतल्या मेमरी चिपा शाबूत असूनही उपयोग नसतो, कारण कुठला ब्लॉक कुठे आहे याचा नकाशा कंट्रोलरकडे असतो आणि बऱ्याच मॉडेलांत डेटा आतल्या आत एनक्रिप्टही केलेला असतो. फर्मवेअर अडकल्यामुळे एसएसडी दिसत नसेल तर प्रयोगशाळेला कधीकधी जमतं. पण सावकाश मरत गेलेली हार्ड डिस्क वाचते तशी एसएसडी वाचत नाही. बहुतेकदा तिचा निकाल सगळं किंवा काहीच नाही असा लागतो.

## दोन्ही डिस्कची इमेज

आता आजारी पण बोलणारी डिस्क धरून पुढे जाऊ. मूळ डिस्कवर यापुढे एकच काम करायचं, तिची प्रत काढायची. दोन इमेज मिळून ४ टीबी होतात आणि बाहेर काढलेल्या फायलींना जागा वेगळी लागते, तेव्हा ८ टीबीची रिकामी डिस्क हाताशी हवी. चांगल्या डिस्कचीही इमेज काढाच. दोघी एकाच दिवशी विकत घेतलेल्या, तितकेच तास चाललेल्या असतात. दुसरीही वाटेवर असू शकते.

```
ddrescue -d -n /dev/sdb d1.img d1.map
ddrescue -d -r3 /dev/sdb d1.img d1.map
```

पहिली फेरी सोपं सोपं उचलते. जिथे अडतं तिथे रेंगाळत नाही, उडी मारून पुढे जाते. दुसरी फेरी राहिलेल्या जागा कुरतडते. `d1.map` ही नकाशाची फाइल इमेजइतकीच महत्त्वाची आहे, कारण कुठला भाग वाचला आणि कुठला नाही हे फक्त तिलाच माहीत असतं. ती असली की काम मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं.

पडद्यावर बघत राहा. वेग हळूहळू कमी होणं समजण्यासारखं आहे. पण शंभर एमबी प्रतिसेकंदावरून एकदम काही केबीवर येऊन तिथेच बसला, किंवा वाचता वाचता टकटक सुरू झाली, तर ताबडतोब थांबवा. हेड जातंय. डेटा खरंच पैसे खर्च करण्याजोगा असेल तर डिस्क या क्षणी प्रयोगशाळेकडे गेली पाहिजे, आणखी दोन दिवस घासल्यानंतर नाही. सोबत दुसऱ्या डिस्कची इमेजही द्या. रेड-० मधली एकटी डिस्क घेऊन गेलात तर बाहेर आलेल्या फायली बरोबर आहेत की नाही हे त्यांनाही तपासता येणार नाही.

## इमेजवरून अ‍ॅरे उभी करणं

इमेज फक्त वाचण्यापुरत्या जोडायच्या आणि mdadm ची नोंद वाचायची.

```
losetup -r -f --show d0.img
losetup -r -f --show d1.img
mdadm --examine /dev/loop0
```

त्यात चार ओळी हव्यात. `Device Role` सांगते की ही डिस्क ० आहे की १. `Chunk Size` इथे 512K. `Data Offset` आमच्या उदाहरणात 264192 सेक्टर, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचे १२९ एमबी सोडून खरा डेटा सुरू होतो. `Avail Dev Size` 3906764976 सेक्टर. चंक म्हणजे १०२४ सेक्टर, त्याच्या पटीत खाली आणलं की प्रत्येक डिस्कचे 3906764800 सेक्टर वापरात आहेत, दोन्हींचे मिळून 7813529600. आपल्या डिस्कचे आकडे वेगळे असतील, ते तिथूनच घ्या, इथून नको. इमेज जोडताच यंत्राने स्वतःहून अर्धवट अ‍ॅरे बनवून ठेवली असेल तर ती `/proc/mdstat` मध्ये दिसेल. आधी `mdadm --stop` ने ती मोकळी करा.

मग mdadm ला बाजूला ठेवून थेट डिव्हाइस मॅपरने पट्टे जोडायचे:

```
dmsetup create r0 --readonly --table \
 "0 7813529600 striped 2 1024 /dev/loop0 264192 /dev/loop1 264192"
mount -o ro,noload /dev/mapper/r0 /mnt/r0
```

याचा फायदा असा की कुठेही काहीही लिहिलं जात नाही. `noload` मुळे जर्नलही चालवलं जात नाही. क्रम उलटा झाला, म्हणजे १ ची डिस्क आधी लावली, तर माउंट होणार नाही किंवा ५१२ केबीच्या वरच्या सगळ्या फायली भेसूर निघतील. तेवढ्याने डेटा बिघडत नाही. `dmsetup remove r0` करून पुन्हा जोडा.

## थोडे सेक्टर गेले असतील तर

समजा आजारी डिस्कचे ९९.९८ टक्के सेक्टर वाचले. ऐकायला छान, पण उरलेले ०.०२ टक्के म्हणजे ४०० एमबी. ते एकाच सलग पट्ट्यात असतील तर दोनेकशे फोटो किंवा एखादा-दुसरा मोठा व्हिडिओ जाईल. डिस्कभर विखुरलेले असतील तर हजारो फायलींना एकेक छोटं भोक असेल. दोन्ही वेळा फाइल सिस्टिम बहुधा माउंट होते, नावं, फोल्डर सगळं दिसतं आणि सगळं मिळाल्यासारखं वाटतं. खरा धोका इथेच आहे. इमेजमध्ये न वाचलेल्या जागी शून्यं असतात, त्यामुळे कॉपी करताना एरर येत नाही आणि बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीसारखीच कॉपी होते.

उपाय ddrescue मध्येच आहे. न वाचलेल्या जागांवर ओळखीचा मजकूर भरायचा आणि तो मजकूर ज्या फायलींत सापडेल त्या वेगळ्या काढायच्या. हे इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर करा, आणि ही प्रत माउंट करून शोधा.

```
printf 'GELELA-SECTOR ' > khun.txt
ddrescue --fill-mode='?*/-' khun.txt d1-prat.img d1.map
grep -rl 'GELELA-SECTOR' /mnt/r0 > bighadlelya.txt
```

या यादीत जे नाही ते अखंड आहे. यादीत जे आहे त्याचं भवितव्य प्रकारावर ठरतं. मजकुराच्या फाइलीला चार केबीचं भोक म्हणजे एक पान गेलं. लांब व्हिडिओला म्हणजे क्षणभर चौकोन-चौकोन दिसतील. झिप, डेटाबेस किंवा एनक्रिप्ट केलेल्या पेटीला तेवढंच भोक नको त्या जागी पडलं की बरंच काही जातं.

हेड गेलेली डिस्क प्रयोगशाळेतून परत आली की एक मधली स्थितीही दिसते. चार हेडपैकी एकाने वाचायचं नाकारलं तर त्या डिस्कचा साधारण पाव भाग जातो, म्हणजे अ‍ॅरेचा आठवा. पण हे नुकसान चंकच्या हिशेबाने पडत नाही. डिस्क एका पृष्ठभागावर बराच सलग डेटा लिहून मग पुढच्या पृष्ठभागावर जाते. या पट्ट्यांची लांबी मॉडेलप्रमाणे बदलते, पण ५१२ केबीपेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे खराब पट्ट्यांच्या अधल्यामधल्या लांब भागांत दोन्ही डिस्क पूर्ण असतात आणि काही एमबीचे फोटो मोठ्या संख्येने साबूत निघतात. म्हणूनच आजारी डिस्क ‘फक्त ७५ टक्के वाचली’ असं कळलं तर हताश होऊ नये. पाऊण भाग मिळणं आणि काहीच न मिळणं यांतलं अंतर रेड-० मध्ये फार मोठं आहे.

## डिस्क पूर्ण गेली असेल तर

आता सर्वात वाईट स्थिती. प्रयोगशाळेनेही हात टेकले, किंवा तो खर्च परवडणारा नाही. हाती फक्त एक इमेज आहे आणि तिच्यात एकाआड एक चंक आहेत. इथे शब्दांपेक्षा गणित जास्त स्पष्ट बोलतं.

फाइल सलग लिहिलेली आहे आणि तिची सुरुवात चंकमध्ये कुठेही पडू शकते असं धरू. ती पूर्ण वाचायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: तिने चंकची हद्द ओलांडलेली नसावी आणि तो चंक जिवंत डिस्कवर असावा. ४ केबीच्या फाइलीला ही शक्यता ५० टक्के आहे. ६४ केबीला सुमारे ४४, २५६ केबीला २५, ४०० केबीला ११ टक्के. ५१२ केबीच्या वर शून्य. अगदीच कमी नाही, शून्य. त्याहून मोठी सलग लिहिलेली कोणतीही फाइल दोन डिस्कच्या या अ‍ॅरेतून एका डिस्कवरून अखंड मिळूच शकत नाही, आणि कुणी तशी हमी देत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. चंक ६४ केबीचा असेल तर ही सीमारेषा ६४ केबीवर येते, म्हणजे बहुतेक सगळंच जातं.

चार डिस्कपैकी एक गेली असेल तर तीन शेजारचे चंक जिवंत असतात, म्हणून सीमा दीड एमबीवर जाते. तिथे ५१२ केबीच्या फाइलीला निम्मी आणि १ एमबीच्या फाइलीला पाव शक्यता असते. बस, तेवढंच.

हे झालं नुसत्या डेटाचं. नावासकट हवं असेल तर ext4 मध्ये आणखी दोन अडथळे आहेत. फाइलीचं नाव फोल्डरच्या ब्लॉकमध्ये असतं. तिचा आकार, तारीख आणि ती डिस्कवर कुठे आहे हे आयनोडमध्ये असतं. डेटा तिसऱ्याच ठिकाणी. तिन्ही जागा दोन डिस्कवर वाटल्या गेल्यात, तेव्हा अगदी छोट्या फाइलीलाही तिन्ही जिवंत डिस्कवर असण्याची शक्यता आठात एक. नावाविना नुसता डेटा चालत असेल तर दोनात एक. विंडोजची एनटीएफएस इथे थोडी दयाळू आहे. तिच्या एमएफटीतल्या १ केबीच्या एकाच नोंदीत नाव, आकार आणि डेटाची जागा तिन्ही असतात, त्यामुळे नावासकट छोटी फाइल चारात एक येते. काहीशे बाइटच्या फाइलीचा डेटाही त्याच नोंदीत बसतो. तिथे शक्यता पुन्हा दोनात एक.

मग एक खाच अशी आहे जी फारशी कुणी सांगत नाही. ext4 आपल्या सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइल सिस्टिमच्या मूळ नोंदीच्या, प्रती ठरावीक ब्लॉक ग्रुपच्या सुरुवातीला ठेवते आणि ४ केबीच्या ब्लॉकला एक ग्रुप १२८ एमबीचा असतो. आपली स्ट्राइप, म्हणजे दोन्ही डिस्कवरचा एकेक चंक, १ एमबीची. १२८ ला १ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक ग्रुपची सुरुवात नेहमी डिस्क ० वरच पडते. सुपरब्लॉक आणि त्याच्या झाडून सगळ्या प्रती एकाच डिस्कवर! पार्टिशन १ एमबीवरून सुरू केलेलं असलं तरी हे बदलत नाही. म्हणजे दोन डिस्कपैकी कुठली मेली याला महत्त्व आहे. १ गेली तर फाइल सिस्टिमचा सांगाडा थोडाफार वाचता येतो. ० गेली तर `e2fsck -b 32768` वगैरे युक्त्या वापरून काही हाती लागत नाही, कारण ३२७६८ वा ब्लॉकही तिच्याचबरोबर गेलेला असतो.

एनक्रिप्शनचंही असंच. अ‍ॅरेवर लुक्सची पेटी असेल तर तिचा हेडर आणि पहिला की-स्लॉट दोन्ही पहिल्या ५१२ केबीत मावतात, अर्थात डिस्क ० वर. ती गेली आणि हेडरची प्रत कुठे काढून ठेवलेली नसेल, तर पासवर्ड आठवत असूनही पुढे काहीच नाही. डिस्क १ गेली असेल तर मात्र उरलेले चंक उलगडतात, कारण लुक्स प्रत्येक सेक्टर स्वतंत्रपणे एनक्रिप्ट करतं.

## भोक ठेवून अ‍ॅरे जोडा

डिस्क १ पूर्ण गेली असं धरू. तिच्या जागी शून्यं देणारी एक खोटी डिस्क लावायची:

```
dmsetup create bhok --table "0 3907029168 zero"
dmsetup create r0 --readonly --table \
 "0 7813529600 striped 2 1024 /dev/loop0 264192 /dev/mapper/bhok 264192"
```

एकट्या इमेजवर थेट फोटोरेक, म्हणजे नावांशिवाय नुसत्या डेटातून फायली ओळखून काढणारा प्रोग्राम, चालवण्यापेक्षा हे कधीही चांगलं. एकट्या इमेजमध्ये चंक ०, २, ४ एकमेकांना खेटून येतात. फोटोरेकला मधलं भोक दिसत नाही, आणि एका फाइलीच्या धडावर तिचाच कुठलातरी पुढचा भाग किंवा भलत्याच फाइलीचं शेपूट चिकटतं. शून्यं असली की भोक भोकासारखं दिसतं आणि ब्लॉकचे क्रमांकही खरे राहतात.

माउंट होण्याची आशा धरू नका. `debugfs` ला मात्र अशा अवस्थेतही फिरता येतं. `-c` मुळे ते बिटमॅप वाचायच्या भानगडीत पडत नाही, `-n` मुळे चेकसमवर अडत नाही.

```
debugfs -c -n -R 'ls -l /' /dev/mapper/r0
debugfs -c -n -R 'blocks /office/patra.docx' /dev/mapper/r0
```

दुसऱ्या आदेशाने फाइलीचे ब्लॉक क्रमांक मिळतात आणि ती वाचली की नाही ते कागदावरच ठरवता येतं. एका चंकमध्ये १२८ ब्लॉक. ब्लॉक क्रमांकाला १२८ ने भागा, पूर्णांक सम आला तर तो डिस्क ० वर, विषम आला तर १ वर. समजा `patra.docx` चे ब्लॉक 1000300 ते 1000330 आले. पहिल्याला भागून ७८१४ येतं, सम, म्हणजे जिवंत. पण ७८१५ वा चंक 1000320 पासून सुरू होतो. म्हणजे ३१ ब्लॉकपैकी पहिले २० आहेत आणि शेवटचे ११ गेले. शेवट जाणं डॉक्सला महागात पडतं, कारण ती खरं तर झिप फाइल असते आणि झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. वर्ड ती उघडणार नाही. पण `zip -FF` ने सुरुवातीच्या २० ब्लॉकमधला `word/document.xml` निघाला तर पत्राचा मजकूर हाती लागतो; गेली ती चित्रं आणि मांडणी. हाच `patra.docx` वीस ब्लॉक आधी सुरू झाला असता तर संपूर्ण मिळाला असता. इथे नशिबाचा वाटा इतका सरळ आहे.

ज्यांची नावं-आयनोड गेले त्यांच्यासाठी `/dev/mapper/r0` वर फोटोरेक चालवा आणि पर्यायांत बिघडलेल्या फायली ठेवायला सांगा, नाहीतर तो अर्धवट फोटो फेकून देईल. जे बाहेर येईल त्याला नावं नसतील आणि कचराही भरपूर असेल. चाळणी लावताना झिप-डॉक्ससाठी `unzip -t`, जेपीईजीसाठी `jpeginfo -c`, पीडीएफसाठी `qpdf --check` वापरा. फाइल उघडते म्हणजे ती पूर्ण आहे असं नसतं.

## प्रकारानुसार हाती काय लागतं

फोटोंवर सर्वात जास्त जीव असतो, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर. ४ एमबीचा जेपीईजी आठ-नऊ चंकांवर पसरतो. त्याचा पहिला तुकडा जिवंत डिस्कवर असेल तर वरचा एक पट्टा दिसतो, फार तर आठवा भाग, आणि खाली राखाडी. पुढचे जिवंत तुकडे सहसा उपयोगाचे नसतात, कारण जेपीईजीमध्ये प्रत्येक बिट मागच्या बिटावर अवलंबून उलगडतो आणि साखळी एकदा तुटली की पुढे कुठून सुरू करायचं हे कळत नाही. कॅमेऱ्याने मध्ये मध्ये रीस्टार्ट खुणा टाकलेल्या असतील तरच धागा पुन्हा धरता येतो. पण फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक्झिफ असतो, म्हणजे तारीख, कॅमेरा, कधी कधी ठिकाण, आणि बहुतेकदा १६० बाय १२० चं एक छोटं चित्र. हे सगळं पहिल्या ६४ केबीत बसतं. म्हणून फोटो एकही अखंड मिळाला नाही तरी जवळपास ४४ टक्के फोटोंची लघुचित्रं मिळू शकतात. फोटोरेक स्वतःच ती `t` ने सुरू होणाऱ्या नावांनी काढतो. राहिलेली अशी काढा:

```
exiftool -b -ThumbnailImage -w _t.jpg -r recup_dir.1
```

टपाल तिकिटाएवढी चित्रं बघून समाधान होत नाही, मान्य. पण तारखा आणि चित्रं हाताशी असली की तेच फोटो कुणाला पाठवले होते, कुणाच्या फोनवर असतील, हे शोधता येतं. रॉ फायलींत सुरुवातीच्या भागात मोठं प्रिव्ह्यू चित्र असू शकतं. ते ५१२ केबीच्या आत मावलं तर लॉटरी.

व्हिडिओची आशा सोडा. एमपी४ ची अनुक्रमणिका कॅमेरे बहुधा शेवटी लिहितात. ती नसेल तर प्लेयरला फाइल उघडताच येत नाही. ती वाचली तरी १७ मेगाबिटच्या चित्रणात ५१२ केबी म्हणजे पाव सेकंद. पाव सेकंद आहे, पाव सेकंद नाही, असं शेवटपर्यंत, आणि मधल्या फ्रेम आधीच्या फ्रेमवर टेकलेल्या असल्यामुळे जो पाव सेकंद आहे तोही धड दिसत नाही. ‘रिपेअर’ करून देणारी सॉफ्टवेअर अनुक्रमणिका पुन्हा बांधतात, नसलेला डेटा आणत नाहीत.

मेलची गोष्ट उलट आहे. एमबॉक्स फाइल कितीही मोठी असली तरी साधा मजकूर असते, एकाखाली एक पत्रं. निम्म्या चंकांतून निम्मी पत्रं अक्षरशः वाचता येतात, मोठी जोडपत्रं तेवढी तुटतात. सीएसव्ही, लॉग, प्रोग्रामचा कोड, टेक्स्ट यांचंही तसंच. एस्क्यूलाइटचा डेटाबेस उघडणार नाही, पण त्याची पानं सामान्यतः ४ केबीची आणि बरीचशी स्वयंपूर्ण असतात, त्यामुळे वाचलेल्या पानांतल्या ओळी उपसून काढता येतात. दाबून ठेवलेला मोठा बॅकअप, व्हर्च्युअल मशीनची डिस्क, पासवर्डची पेटी यांच्यात वेळ घालवू नका. अपवाद एवढाच की व्हर्च्युअल डिस्क न दाबलेली आणि पूर्ण आकाराची असेल तर तिच्या आतल्या छोट्या फायली वरच्याच नियमाने शोधता येतात.

सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक तपासणी करा. बहुतेक रिकव्हरी प्रोग्राम फुकट आवृत्तीत फायलींची यादी दाखवतात आणि पैसे भरल्यावर कॉपी करू देतात. यादीत नाव आणि आकार दिसणं म्हणजे फक्त आयनोड किंवा एमएफटीची नोंद वाचली. पूर्वावलोकनात ५१२ केबीपेक्षा मोठा फोटो खालपर्यंत उघडून दाखवला तरच पाकीट बाहेर काढा, आणि एकाच डिस्कवर तो तसा उघडत असेल तर आधी हे बघा की तुमची अ‍ॅरे मुळात रेड-० होती की दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणारी रेड-१. `mdadm --examine` मधली `Raid Level` ची ओळ हे सांगते.